नव्या घरचे पातेले

स्नेह्यांनी नवे घर घेतले आणि वास्तुशांतीचे बोलावणे आले की पाहुण्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो 'न्यायचे काय?' हा. भिंतीवरचे घड्याळ त्यांच्याकडे तीन आलेली असतात. फुलदाणी कपाटावर जाऊन बसते ती पुढच्या घराच्या वास्तुशांतीपर्यंत उतरत नाही. हा प्रश्न आपल्याकडच्या मागच्या तीनचार पिढ्यांना पडत नसे. चार घरांनी वर्गणी काढायची, कासाराच्या दुकानी जाऊन एक मोठे पितळी पातेले घ्यायचे, त्यावर नाव घालायचे, आतून कलई करायची आणि झाकणासकट नेऊन द्यायचे, हे ठरलेले असे. या पातेल्याचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. तो पातेल्याच्याच काठाखाली कोरलेला आहे, आणि जुन्या घरांतली भांडी पालथी घालून त्यांवरची नावे वाचण्याची ज्याला खोड आहे त्याला तो थोडाफार लागतो.

माझ्या पाहण्यात असे एक पातेले आहे. तोंड हातभर रुंद, बूड सपाट, काठ बाहेर वळवून दुमडलेला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे आहेत. आधी 'सौ.' लावून घरच्या बाईचे नाव; मग 'हीस वास्तुशांतीप्रीत्यर्थ चाळीतील मंडळींकडून'; आणि शेवटी 'वै. शु. ३ शके १८७९'. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि शके १८७९ म्हणजे इसवी सन १९५७. तेव्हा ही गोष्ट १९५७च्या मे महिन्याच्या आरंभीची. त्याच वर्षी २२ मार्चला भारत सरकारने आपले राष्ट्रीय सौर पंचांग सुरू केले. त्या पंचांगाचा शकही हाच, परंतु त्यातला वैशाख तिथी मानत नाही. कासाराने अर्थातच भटजींच्या पंचांगाची मिती घातली. सरकारी कागदाने शक बदलला नाही आणि पातेल्याने तिथी सोडली नाही.

या एका ओळीत पाहण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. पहिली, भेट 'चाळीतील मंडळींकडून' आहे. घर घेणारे चाळ सोडून निघाले, देणारे चाळीतच राहिले. स्वतःच्या मालकीची खोली सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात येण्याचा तो काळ. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था १९१५ साली काढली होती. पण इमारतीतला एकेक गाळा विकत घेण्याची रीत सर्रास झाली ती पुढे, आणि तिला नीट कायद्याची चौकट मिळाली ती महाराष्ट्राच्या १९६३च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याने. तोवर वास्तुशांत म्हणजे बहुधा बांधलेल्या घराची. 'घर बांधले' या शब्दांच्या जागी 'घर घेतले' हे शब्द आले ते याच दोनतीन दशकांत. विधी मात्र जुनाच राहिला. सोन्याच्या पत्र्याची वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेयेच्या कोपऱ्यात पुरायची असते. ती आता चौथ्या मजल्यावर एक फरशी उचकटून खाली ठेवतात, आणि खालच्या बिऱ्हाडकरूच्या छताला तिचा पत्ताही नसतो.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. नाव कोरले कशासाठी? देणाऱ्याची आठवण राहावी हे खरे, पण तेवढेच नाही. मोठे पातेले एका घरात कधी राहतच नसे. कुणाकडे मुंज निघाली, कुणाकडे बारसे, कुणाकडे श्राद्ध, की ज्याच्याकडे मोठे भांडे असेल त्याच्या दारी निरोप जाई. कार्य आटोपले की परसात वीसपंचवीस घरांची पातेली, पराती, घंगाळी एकत्र घासून पालथी घातलेली असत, आणि त्या ढिगातून आपले ओळखायचे ते नावावरून. भांडे फिरते होते म्हणून नाव होते. चाळीतील मंडळींनी ते पातेले दिले तेव्हा त्यांच्या मनात हा हिशेब असणारच की पुढच्या लग्नसराईत ते मागायला आपणच त्या नव्या घराची पायरी चढणार. अशी भेट म्हणजे जाण्यायेण्याची वाट उघडी ठेवण्याची युक्ती.

नाव घालण्याचे काम भांडी विकणाराच्या दुकानातच होई. हातात बारीक छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन कारागीर ठिपक्याला ठिपका लावीत अक्षर काढी. मोल अक्षरागणिक असे, म्हणून देणारे काटकसर करीत, 'चि. सौ. कां.' यासारखी आखूड रूपे भांड्यांवर इतकी दिसतात त्याचे निम्मे श्रेय या दराला द्यावे. पुढे विजेवर थरथरणारी सुई आली, तिची रेघ सलग पण उथळ. पाचपन्नास वेळा चिंच-राखेने घासले की ती रेघ पुसट होते. छिन्नीचा ठिपका शंभर वर्षे वाचता येतो. जुन्या भांड्यांवर कधी एक नाव घासून काढलेले आणि त्याच्यावर दुसरे घातलेले दिसते. अशा वेळी समजावे की पहिले घर अडचणीत आले आणि भांडे मोडीला गेले किंवा गहाण पडून सुटले नाही. पितळ-तांब्याला बाजारात वजनावर किंमत येई. घडणावळ बुडाली तरी धातूचे पैसे उभे राहत, आणि दुष्काळात सोन्यानंतर घराबाहेर पडे ती भांडीच.

आता पातेले पितळेचेच का, याचा विचार करू. धातूचे भांडे घासून पुन्हा शुद्ध होते, मातीचे होत नाही, हा आपल्याकडचा जुना समज. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, कासे, पितळ वगैरे धातू क्षार, आंबट आणि पाणी यांनी शुद्ध करावेत असे सांगितले आहे. राख आणि चिंच हीच ती दोन द्रव्ये. धर्माचा आधार बाजूला ठेवला तरी रसायन ठीक आहे: आंबटाने धातूवरची काळी पुटे विरघळतात, राखेच्या क्षाराने तेलकटपणा जातो. सोवळ्याच्या स्वयंपाकात पितळेला जागा मिळाली ती यामुळे. पूजेची उपकरणे, म्हणजे कलश, ताम्हन, पळी, ही तांब्याची. नैवेद्याचा भात आणि खीर ही कलईच्या पितळेत. गुरुजींची सामानाची यादी आजही बहुधा हीच वाटणी पाळते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. जस्त भट्टीत वितळण्यापाशी थांबत नाही, नऊशे अंशांच्या आसपास त्याची वाफ होऊन उडून जाते, म्हणून ते धातुरूपाने हाती लागणे फार अवघड होते. राजस्थानात जावर येथे मातीच्या मुशींतून ती वाफ खाली उतरवून थंड करण्याची विद्या मध्ययुगातच साधली होती. तरीही आपल्या घराघरांत पितळ भरले ते एकोणिसाव्या शतकात, विलायतेहून तयार पत्रे येऊ लागल्यावर. मुंबईत पायधुणीजवळचा तांबाकांटा हे नाव त्या तांबे तोलण्याच्या व्यापाराचे. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत, नाशकात, विदर्भात भंडाऱ्याला या पत्र्यांची भांडी ठोकली जात. पेशवाईत कोकणातून पुण्याला येऊन राहिलेल्या तांबटांचे वंशज त्या आळीत अद्याप काम करतात.

पत्रा ठोकून भांडे होते कसे हे एकदा पाहावे. गोल चकती लाल होईतो तापवायची, थंड करायची की ती मऊ पडते. मग लोखंडी खुंटावर धरून काठाकडून हातोडीने वळवीत आणायची. दहापंधरा मिनिटे ठोकले की धातू ताठर होतो, हट्टाला पेटतो. आणखी ठोकला तर चिरतो. म्हणून पुन्हा भट्टीत, पुन्हा मऊ, पुन्हा ठोक. आकार पुरा झाल्यावर शेवटी जी एकसारख्या टिंबांची ओळ अंगभर मारतात तिला मठारणे म्हणतात. शहरी गिऱ्हाइकाला ती नक्षी वाटते. वास्तविक तिचे काम निराळे आहे. त्या शेवटच्या ठोक्यांनी धातू ताठर होतो आणि नंतर तो तापवून मऊ करीत नाहीत, त्यामुळे पातळ पत्र्याचे भांडेही पोचत नाही. यंत्रावर दाबून काढलेल्या गुळगुळीत पातेल्यावर मागाहून टिंबे उमटवून विकतात. ती ओळखायची असतील तर आत हात फिरवून पाहावे आणि टिंबांकडे तिरप्या उजेडात पाहावे. हाताने मारलेल्या टिंबांत माणसाचा हात दिसतो, एखादे चुकलेले असते. यंत्राची सारी एका साच्याची.

पितळेची एक खोड मात्र सर्वांना ठाऊक असली पाहिजे. आंबट पदार्थ त्यात राहिला की कळकतो. ताक, चिंच घातलेली आमटी, टोमॅटोचे सार यांत तांब्याचे क्षार उतरतात, हिरवट झाक येते, चव तुरट-कडवट होते आणि पोटात गेले तर मळमळ, वांती सुरू होते. 'कळकणे' हे क्रियापद मराठीने या एका दुखण्यासाठीच बाळगले आहे, त्यावरून ते किती घरगुती होते हे कळावे. त्यावरचा तोडगा कलई. भांडे चांगले घासून तापवायचे, आत नवसागराची पूड टाकायची, की पांढरा धूर निघतो आणि धातूवरचा काळेपणा सुटून तो उघडा पडतो. मग कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने सर्व अंगाला फिरवायचे. क्षणात पिवळे भांडे रुप्यासारखे होते. रस्त्यावर भाता लावून बसलेल्या कल्हईवाल्याभोवती पोरे जमत ती ही जादू पाहायला.

कथील २३२ अंशांनाच वितळते. म्हणून कलईचे भांडे रिकामे कधी आचेवर ठेवू नये, त्यात रवा-शेंगदाणे भाजू नयेत. भात, दूध, खीर, वरण या पाण्याच्या पदार्थांना काहीच भय नाही. कलई घासाघाशीने विरते. तळाशी पिवळे दिसू लागले की पुन्हा करून घ्यावी. कथलात शिसे मिसळणारे लबाडही असतात. शुद्ध कथलाची कलई पांढरी लखलखीत राहते. शिसे असले तर ती लवकर निळसर-करडी पडते आणि कोरड्या पांढऱ्या फडक्याने जोराने पुसले तर काळा डाग उतरतो. असा डाग दिसला तर त्या भांड्यात अन्न शिजवू नये, सगळी कलई काढून विश्वासाच्या माणसाकडून नवी करावी.

एवढा उपद्व्याप असूनही लोकांनी पितळ धरून ठेवले, त्याचे कारण भाताला विचारावे. पितळ उष्णता पसरवते ती स्टेनलेस स्टीलच्या सहासात पट. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात आचेच्या वर्तुळापुरता भात करपतो आणि कडेचा कच्चा राहतो. पितळेत बुडापासून काठापर्यंत आच सारखी जाते. पाच माणसांना हा फरक जाणवत नाही, पंगतीला जाणवतो.

पण १९६०नंतर वारे फिरले. न गंजणारे पोलाद १९१३ साली शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी काढले, आणि स्वातंत्र्यानंतर त्याची भांडी आपल्या घरांत शिरली. कळकत नाही, कलई नको, चिंच नको. घरातल्या बाईचे रोजचे अर्धा तास घासणे वाचले, आणि तिने ते आनंदाने स्वीकारले याबद्दल तिला नावे ठेवण्याचा अधिकार भांडी कधी न घासणाऱ्यांना नाही. तथापि एक नुकसान झालेच. स्टील घ्यायचे म्हणून जुने पितळ मोडीला गेले, आणि मोडीबरोबर नावेही भट्टीत गेली. पुण्याच्या केळकर संग्रहालयाने घरगुती वस्तू जपल्या म्हणून काही नमुने तरी पाहायला उरले. एरवी एखाद्या घराण्यातल्या पणजीचे नाव लिहिलेली एकमेव वस्तू तिचे पातेलेच असे. सात-बाऱ्यावर ती नव्हती, शाळेच्या दाखल्यावर नव्हती. ते पातेले वजनाने विकले गेले.

गेल्या वैशाखात आमच्या स्नेह्यांपैकी एकाने पुण्याच्या उपनगरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे घर घेतले, तेव्हा आम्ही चार घरांनी जुनीच रीत धरायची ठरवली. प्रथम माणसे मोजली. चाळीसेक पाने, जागा लहान म्हणून वीसवीसच्या दोन पंगती. साग्रसंगीत जेवणात एक किलो तांदूळ आठदहा माणसांना पुरतो, म्हणजे एका पंगतीला दोन-सव्वादोन किलो. किलोभर तांदळाचा भात शिजून तीन लिटरांच्या घरात जातो. तेव्हा सातेक लिटर भात, वर उकळी फुटायला आणि डाव फिरवायला जागा हवी, म्हणून बारा लिटरांचे पातेले. तोंड एक फूट, उंची सात इंच, पत्रा दीड मिलिमीटर जाड. वजन तीन किलोंच्या वर भरले, झाकण वेगळे. दुकानदाराने त्याच आकाराचे दोन किलोंचे दाखवले, स्वस्तही होते. अंगठ्याने बूड दाबून पाहिले तर ते लवले. तसले पातेले भरल्या भातासह उचलताना कान धरायच्या जागी वाकडे होते, आणि बूड पोचून शेगडीवर डुगडुगते. ते ठेवून दिले. घरी शेगडी गॅसची आहे ना, हेही आधी विचारून घेतले होते, कारण हल्लीच्या इंडक्शनच्या शेगडीवर पितळ तापत नाही.

नाव आधी घातले, कलई मागाहून केली. उलट केले तर छिन्नीच्या ठोक्याने आतली कलई तडकते. मजकुरावर वाद झाला. एकाचे म्हणणे देणाऱ्या चौघांची नावे हवीत. शेवटी काठाखाली यजमानीणबाईंचे नाव, 'वास्तुशांतीप्रीत्यर्थ, स्नेह्यांकडून', आणि मिती, एवढेच ठरले. कारागिराने इंग्रजी तारीख घालू का म्हणून विचारले. आम्ही दोन्ही घालायला सांगितल्या.

एक अडचण मात्र भेट नेल्यावर निघाली. गृहप्रवेशाला दूध उतू घालतात. गुरुजींनी ते नव्या पातेल्यातच घाला म्हणून सांगितले, आणि पिशवीतले दीड लिटर दूध त्या बारा लिटरांच्या विस्तीर्ण तळात दोन बोटेच चढले. ते उतू जाणार कसे? दुधावर सायीचे पापुद्र्यासारखे आच्छादन जमते, खालची वाफ त्याला वर रेटते, पण ती काठापर्यंत पोचायला भांडे उभट आणि तीनचतुर्थांश भरलेले लागते. यजमानीणबाईंच्या सासूबाईंनी गुरुजींकडे पाहिले, काही न बोलता कोपऱ्यातल्या खोक्यातून एक लहान पितळी भांडे काढले, दूध त्यात ओतले आणि शेगडी मोठी केली. चार मिनिटांत ते पूर्वेच्या बाजूने उतू गेले. त्या लहान भांड्यावर नाव होते त्यांच्या आईचे. मग मोठे पातेले धुऊन आधणाला ठेवले. दोन्ही पंगतींचा भात त्यात झाला आणि बलीचा उडीद घातलेला भात तेवढा वेगळ्या भांड्यात.

पातेले सध्या त्या घरी नाही. वरच्या मजल्यावर डोहाळजेवण होते, तिकडे गेले आहे.